‘झाल्यावरच’ हा शब्द कोणी खोडला?

संस्थांचं कामकाज सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक वाद जोरात आहे. सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सगळ्या सभासदांना सामायिक फाइलमध्ये दुरुस्तीसाठी खुला ठेवावा, की सचिव आणि अध्यक्षांनी तो आपसांत पक्का करून थेट पुढच्या सभेत मांडावा? एक बाजू पारदर्शकतेचं नाव घेते, दुसरी शिस्तीचं. थोड्याच वेळात बोलणं सॉफ्टवेअरवर घसरतं: कोणाला लिहायची परवानगी द्यायची, कोणाला फक्त वाचायची, बदलांचा इतिहास किती दिवस राहतो. मला हा सगळा वाद चुकीच्या जागी चाललेला दिसतो. झालेल्या गोष्टीच्या नोंदीत बदल करण्याचा अधिकार कोणाला, तो कोणत्या कारणासाठी वापरायचा, आणि इतिवृत्त कायम करताना हात वर करणाऱ्यांना तो बदल दिसलेला असतो का, हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं फाइलच्या सेटिंगमध्ये सापडत नाहीत.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मसुद्यावर पेन एकाच माणसाचं चालावं. बाकीच्यांनी दुरुस्ती लेखी मागावी, स्वतः करू नये. सभासदांकडे गेलेल्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असावा. दुरुस्त्यांचा निकाल सभेसमोर यावा. आणि सही झाली की त्या पानावरचा मजकूर कोणीही बदलू नये, अध्यक्षांनीसुद्धा नाही.

हे मत मला अनुभवाने आलं. मी सचिव असलेल्या एका संस्थेत इमारतीच्या दुरुस्तीचं काम कोणाला द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव झाला तो असा: ‘काम दुसऱ्या कंत्राटदारास द्यावे, मात्र त्याने यापूर्वी केलेल्या दोन कामांची पाहणी झाल्यावरच कार्यादेश काढावा.’ ही अट एका सभासदाने आग्रहाने घालून घेतली होती आणि तिच्यामुळेच ठराव सर्वानुमते झाला. मी मसुदा सामायिक फाइलमध्ये ठेवला, कारण तेव्हा मीही त्या पद्धतीच्या बाजूचा होतो. दोन दिवसांनी एकाने भाषा सुटसुटीत केली: ‘यापूर्वीच्या दोन कामांची पाहणी करून कार्यादेश काढावा.’ आणखी चार दिवसांनी दुसऱ्याने सगळ्या ठरावांची रचना सारखी करायला घेतली. त्यात हे वाक्य ‘दोन कामांची पाहणी करावी व कार्यादेश काढावा’ असं झालं. दोघांच्याही मनात काही नव्हतं. दोघेही मदतच करत होते. पण ‘झाल्यावरच’चं ‘करून’ झालं, ‘करून’चं ‘करावी व’ झालं, आणि एक अट दोन सुट्या कामांमध्ये विरघळून गेली. पुढच्या सभेत ‘सगळ्यांनी फाइल पाहिलीच आहे’ म्हणून इतिवृत्त न वाचताच कायम झालं. कार्यालयाने सही झालेला ठराव पाहून कार्यादेश काढला. पाहणी राहिली होती, पण ठरावात ती आधीच व्हायला हवी असं कुठे होतं?

तीन महिन्यांनी भांडण झालं तेव्हा मी फाइलचा इतिहास उघडला. त्यात साठहून अधिक नोंदी होत्या. स्वल्पविराम, हजेरीतल्या नावाचं शुद्धलेखन, परिच्छेद वर-खाली, आणि त्यातच कुठेतरी तो शब्द. कोणी बदलला आणि किती वाजता, हे दिसत होतं. का बदलला, कोणाला विचारून बदलला, बाकीच्यांना तो मान्य होता का, यातलं काहीच नव्हतं. ज्या इतिहासाच्या भरवशावर मी निश्चिंत होतो, तो फक्त बोटांच्या हालचालींचा इतिहास होता.

खुल्या फाइलची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की सभा संपल्यावर दोन दिवसांत सगळ्यांची आठवण ताजी असते, तेव्हाच चुका पकडल्या जातात. महिन्याभराने पुढच्या सभेत कोणाला काय आठवणार? हे शंभर टक्के खरं आहे. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. पेन एकाच्या हातात दिलं की सत्ता एकाच्या हातात जाते. ‘सविस्तर चर्चा होऊन’ या तीन शब्दांत सचिव एखाद्याचा अर्ध्या तासाचा विरोध गुंडाळून ठेवू शकतो. कोणाचं नाव सूचक म्हणून घालायचं, कोणाचा विरोध नावानिशी लिहायचा, कोणता आकडा ‘अंदाजे’ म्हणून टाकायचा, हे सगळं तोच ठरवतो. ज्यांनी असं इतिवृत्त सोसलं आहे त्यांना खुली फाइल म्हणजे मोकळी हवा वाटली तर त्यात नवल काय?

पण मोकळ्या हवेत पेन अनेकांच्या हातात गेल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती शेवटी लिहिणाऱ्याकडे जाते. सचिवाने मसुदा बिघडवला तर निदान विचारायला एक माणूस तरी असतो. सामायिक फाइलमध्ये ज्याला रात्री उशिरापर्यंत बसायला वेळ आहे, ज्याची भाषा सफाईदार आहे, जो चिकाटीने पुन्हा पुन्हा आपलं वाक्य परत आणतो, त्याचं इतिवृत्त होतं. अबोल सभासद, स्क्रीनवर फारसा नसणारा वयस्क सभासद, कामाच्या रगाड्यातला सभासद तिथे आपोआप मागे पडतो. सभेत मात्र याच माणसाचं एक मत इतर प्रत्येकाइतकंच मोलाचं असतं. मग सभेची नोंद अशा ठिकाणी का घडावी जिथे मतांचं वजन वेळेवर आणि टंकनाच्या वेगावर ठरतं?

याहून मूळ गोष्ट अशी की इतिवृत्त हे सामूहिक लेखन नाही. ती एका लेखनिकाची साक्ष आहे आणि बाकीचे ती तपासणारे आहेत. साक्षीदाराचा जबाब तपासताना आपण ‘असं घडलं नाही’ म्हणू शकतो. ‘असं घडायला हवं होतं’, ‘मला खरं तर असं म्हणायचं होतं’, ‘हे असं लिहिलं तर बरं दिसेल’ ही कारणं तिथे चालत नाहीत. सामायिक फाइलमध्ये चारही प्रकारचे बदल एकाच हालचालीने होतात आणि एकसारखेच दिसतात. लेखी दुरुस्ती मागायला लावली की माणसाला कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायला बसलं की पुष्कळदा त्याचं त्यालाच कळतं की आपली दुरुस्ती नोंदीची नाही, आपल्या प्रतिमेची आहे.

या बाबतीत इतिहासात एक बोलकं उदाहरण आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना घडवणारी परिषद भरली तेव्हा अधिकृत सचिव होता विल्यम जॅक्सन. त्याचं टिपण ठराव आणि मतांपुरतं, तुटक. चर्चा काय झाली ते आज आपल्याला मुख्यतः कळतं जेम्स मॅडिसन या सभासदाने स्वतःहून ठेवलेल्या नोंदींतून. पण मॅडिसनने त्या नोंदी स्वतःपाशी ठेवल्या आणि पुढे कित्येक वर्षं तो त्यांत दुरुस्त्या करत राहिला. १८१९ साली परिषदेचं अधिकृत टिपण छापून आलं, ते पाहूनही त्याने आपल्या वह्यांत बदल केले. १८३६ मध्ये तो वारला आणि १८४० मध्ये नोंदी छापल्या गेल्या. तेव्हापासून अभ्यासक कागद, शाई, हस्ताक्षर पाहून शोधत आले आहेत की कोणता शब्द सभागृहात बसून लिहिलेला आणि कोणता म्हातारपणी घातलेला. मॅडिसन अप्रामाणिक होता असं नाही. कदाचित त्याच्या पुष्कळ दुरुस्त्या योग्यच असतील. पण मसुदा कधी बंद झाला हे ठरलेलंच नव्हतं, आणि त्याच्यावर इतर कोणी ‘होय, असंच झालं’ म्हणून सही केलेली नव्हती. एवढ्या विद्वान आणि सावध माणसाचं असं होतं, तर आपल्या समित्यांच्या फाइलींचं काय होत असेल?

मग पद्धत कशी असावी? पहिलं काम सभेतच व्हायला हवं. मताला टाकण्याआधी सचिवाने ठरावाचे शब्द मोठ्याने वाचून दाखवावेत आणि अध्यक्षांनी विचारावं, ‘हेच शब्द ना?’ याला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या सगळ्या आवृत्त्यांचा गोंधळ टाळणारं यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही, कारण ठरावाचे शब्द इथेच गोठतात. त्यानंतरचा मसुदा फक्त चर्चा, हजेरी आणि क्रम यांचा उरतो. ‘आशय असा होता, शब्द सचिव नंतर बसवतील’ असं म्हणून उठणाऱ्या सभा नंतर शब्दांवरूनच भांडतात.

सभेनंतर दोन-तीन दिवसांत सचिवाने पहिली प्रत लिहावी आणि ती फक्त अध्यक्षांना दाखवावी, तीही एवढ्यासाठीच की एखादा विषय सुटला आहे का, ठरावाचा क्रमांक चुकला आहे का. मग मसुदा सगळ्यांकडे जावा. तो बदलता न येणाऱ्या स्वरूपात जावा, ओळींना क्रमांक घालून, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मसुदा, कायम न झालेला’ असं लिहून. पान सुटं छापलं गेलं, फोटो काढून पाठवलं गेलं, तरी ते काय आहे हे त्या पानावरूनच कळलं पाहिजे. फाइलच्या नावात सभेची तारीख आणि आवृत्ती असावी, उदाहरणार्थ `2024-03-12_itivrutta_v0.2.pdf`. ‘फायनल’ हा शब्द नावात घालूच नये, कारण सही होईपर्यंत काहीच अंतिम नसतं आणि ‘फायनल’नंतर ‘फायनल नवीन’ येतेच. सही झालेल्या प्रतीलाच १.० म्हणावं. त्याआधीचं सगळं शून्यापासून सुरू होणारं. एवढ्या एका खुणेने, समोरचा कागद सही झालेला आहे की नाही, हे पहिल्या नजरेत कळतं.

दुरुस्ती मागायला सात दिवसांची मुदत पुरे आहे. मागणीत चार गोष्टी असाव्यात: ओळ क्रमांक, आहेत ते शब्द, हवे असलेले शब्द आणि कारण. सचिवाने प्रत्येक मागणीला उत्तर द्यावं. स्वीकारली, नाकारली किंवा सभेपुढे ठेवतो, यांपैकी एक. मागण्या आणि उत्तरं यांचा एक तक्ता पुढच्या सभेच्या कार्यसूचीबरोबर सगळ्यांना जावा. खुल्या फाइलवाल्यांना जी पारदर्शकता हवी आहे ती इथे जास्त मिळते. साठ बारीक नोंदींच्या ढिगाऱ्याऐवजी सभासदासमोर पाच-सहा अर्थपूर्ण बदल कारणांसकट असतात. ताज्या आठवणीचा त्यांचा मुद्दाही इथे पाळला जातो, कारण चूक पकडण्याची वेळ तीच राहते, बदलतो तो फक्त खोडण्याचा अधिकार. आणि सचिवाच्या मनमानीला लगाम बसतो, कारण त्याने नाकारलेली मागणीसुद्धा तक्त्यात सगळ्यांना दिसते. माझ्या त्या ठरावाच्या बाबतीत तक्ता असता तर ‘झाल्यावरच’ ऐवजी ‘करून’ हे दोन शब्द शेजारी शेजारी छापून आले असते. ज्याने अट घातली होती त्याने ते एका नजरेत पकडलं असतं.

ही मुदत आणि हा क्रम माझ्या डोक्यातून आलेला नाही. भारतातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी जे सचिवीय मानक आहे त्यात सभा संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा संचालकांना पाठवायचा, त्यांनी ७ दिवसांत हरकती कळवायच्या आणि सभेपासून ३० दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत चढवायचं, असा क्रम सांगितलेला आहे. वहीत चढल्यावर त्यात बदल करायचा तर तो मंडळाच्या पुढच्या सभेत स्पष्ट मंजुरी घेऊनच. सभाशास्त्राचे जुने नियमही याच वळणाचे आहेत. अमेरिकेतल्या हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ पासून चालत आलेल्या सभानियमांत तर इतिवृत्त कायम करायला नकार देण्याची सोयच नाही. हरकत घ्यायची तर नेमकी दुरुस्ती सुचवावी लागते. ‘मला हे मान्य नाही’ एवढं म्हणून भागत नाही. काय चुकलं आणि त्या जागी काय हवं, ते सांगावं लागतं. किती शहाणपणाचा नियम आहे हा!

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात कठीण आक्षेप घेतो. ते म्हणतील, एवढ्या पायऱ्या, क्रमांक आणि सह्या असूनही इतिवृत्तं खोटी निघतातच. खरं आहे. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं जेम्स हार्डी कंपनीचं. ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या लोकांच्या भरपाईसाठी या कंपनीने एक वेगळं प्रतिष्ठान उभं करायचं ठरवलं. १५ फेब्रुवारी २००१ रोजी संचालक मंडळाची सभा झाली. त्या सभेत शेअर बाजाराला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मांडला गेला आणि मंजूर झाला, असं इतिवृत्तात होतं. प्रतिष्ठानाकडे दाव्यांसाठी पुरेसा पैसा आहे, असं ते निवेदन सांगत होतं. पैसा पुरेसा नव्हता. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा संचालकांचं म्हणणं पडलं की असं निवेदन आमच्यापुढे मंजूर झालंच नव्हतं. इतिवृत्ताचा मसुदा तर सभेच्या आधीच तयार झालेला होता, आणि त्यात इतरही काही चुका होत्या, हे कोणी नाकारत नव्हतं. तरी पुढच्या एप्रिल महिन्यातल्या सभेत तेच इतिवृत्त कायम झालं होतं.

खालच्या न्यायालयाने २००९ मध्ये संचालकांच्या विरुद्ध निकाल दिला. अपिलात २०१० मध्ये तो फिरला. आणि २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पायरीवरच्या हाय कोर्टाने पुन्हा संचालकांविरुद्ध कौल दिला. सात बिगरकार्यकारी संचालक या अपिलात होते. न्यायालयाच्या विचाराचा गाभा सोपा आहे: घटनेच्या जवळच्या काळात मंडळाने स्वतः बरोबर म्हणून स्वीकारलेली नोंद ही त्या घटनेचा पुरावा आहे. तिच्यात इतरत्र चुका आहेत म्हणून ती आपोआप निकामी होत नाही. वर्षांनंतर ‘मला तसं आठवत नाही’ म्हटल्याने तर मुळीच नाही.

या प्रकरणातून विरोधक काढतात तो निष्कर्ष असा की सही हा एक सोपस्कार आहे, लोक न वाचताच करतात. मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. न वाचता कायम केलेल्या कागदाला न्यायालयाने सोपस्कार मानलं नाही, आणि म्हणूनच तो कागद चावला. तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट होत्या: हा कागद कोणाचा, आणि मंडळाने तो कधी आपला म्हटला. समजा त्या जागी सगळ्यांना खुली असलेली फाइल असती. मग प्रत्येक संचालकाने म्हटलं असतं, ते वाक्य मी लिहिलेलं नाही, मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते तिथे नव्हतं, नंतर कोणी घातलं मला माहीत नाही. आणि कदाचित हे सगळं खरंही असतं! जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली असती की ती कोणाच्याच हाती लागली नसती.

त्या खटल्यात आवृत्तीचा प्रश्नही होताच. निवेदनाचे एकाहून अधिक मसुदे फिरत होते, मग सभेपुढे नेमका कोणता होता? ज्याच्यावर सगळा वाद झाला तो ‘७.२४ चा मसुदा’ म्हणून ओळखला गेला, ज्या ईमेलने तो गेला त्या ईमेलच्या वेळेवरून. त्या दिवशी इतिवृत्तात ‘परिशिष्ट म्हणून जोडलेला, आवृत्ती अमुक’ एवढी ओळ असती आणि तो कागद जोडून त्यावर लघुस्वाक्षरी झाली असती, तर वर्षांनंतर कोणालाही घड्याळाकडे पाहून मसुदा ओळखावा लागला नसता. म्हणून मी म्हणतो की सभेने एखादा कागद मंजूर केला असेल तर तो कागदच इतिवृत्ताला जोडला पाहिजे. ‘मांडलेला अहवाल स्वीकारण्यात आला’ हे वाक्य, कोणता अहवाल ते सांगत नसेल, तर पोकळ आहे.

एक गैरसमज मात्र दोन्ही बाजूंचे लोक सारख्याच उत्साहाने जोपासतात, आणि त्याने फार नुकसान होतं. ‘इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही, म्हणजे निर्णय अजून पक्का नाही.’ हे साफ चूक आहे. ठराव मंजूर झाला त्या क्षणी निर्णय झाला. इतिवृत्त कायम करणं म्हणजे ‘होय, असा निर्णय झाला होता’ एवढीच कबुली. निर्णयाला दुसऱ्यांदा संमती नव्हे. हे न कळल्यामुळे दोन प्रकारचे घोळ होतात. अंमलबजावणी नको असलेले लोक पुढच्या सभेत मुद्दाम इतिवृत्त कायम होऊ देत नाहीत. आणि मागच्या सभेत हरलेले लोक, ‘इतिवृत्त कायम करणे’ या पहिल्या विषयावरच तो वाद पुन्हा उकरतात. अध्यक्षांनी इथे ठाम राहायला हवं. त्या विषयावर एकच प्रश्न विचारात घेता येतो: लिहिलं आहे ते घडलं होतं का? ठराव चुकीचा वाटतो ना, मग तो बदलण्याचा नवा ठराव आणा. जुना ठराव झालाच नव्हता, असं लिहून घेऊ नका.

यालाच लागून येतो सहीचा प्रश्न. मागच्या सभेचे अध्यक्ष या सभेला नसतील तर सही कोण करणार, आणि मागच्या सभेला नसलेल्या सभासदाने कायम करायला हात वर करावा का? पुष्कळ प्रामाणिक माणसं इथे अडखळतात, ‘मी नव्हतोच, मी कसं सांगू?’ म्हणतात. पण सही ही अध्यक्षाच्या वैयक्तिक आठवणीची ग्वाही नसते. ती सांगते की या सभेने, तक्त्यातल्या दुरुस्त्यांसह, हे इतिवृत्त खरं म्हणून स्वीकारलं. म्हणून इंग्लंडच्या स्थानिक संस्थांच्या १९७२ च्या कायद्यातसुद्धा, त्याच किंवा पुढच्या योग्य सभेत जो अध्यक्षस्थानी असेल त्याने सही करावी, अशी तरतूद आहे, आणि सुट्या पानांवर इतिवृत्त ठेवायचं असेल तर पानांना ओळीने क्रमांक देऊन प्रत्येक पानावर लघुस्वाक्षरी करायला सांगितलं आहे. शेवटच्या पानावर सही आणि मधली पानं मोकळी, अशी वही मी पाहिली आहे. तिच्यातलं मधलं एखादं पान बदललं तर कोणाला कळणार होतं?

सभेतच दुरुस्ती मान्य झाली तर ती तिथेच, त्याच प्रतीवर हाताने करावी. जुना शब्द वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, वर नवा शब्द, समासात लघुस्वाक्षरी. ‘नवीन प्रत काढून आणतो, मग सही घेऊ’ हा मोह टाळावा. सभेने पाहिलेला कागद आणि सही झालेला कागद यांच्यामध्ये छपाईची एक फेरी आली की त्या फेरीत काय बदललं हे सभेला पाहता येत नाही. कागद थोडा विद्रूप दिसेल. दिसू दे.

शेवटी मसुद्यांचं काय करायचं? यावर वकिलांचा सल्ला बहुधा एकच असतो: सही झाली की बाकी सगळं नष्ट करा, नाहीतर उद्या विरुद्ध पक्ष मसुदा आणि इतिवृत्त यांतल्या फरकावरून तुम्हाला उलटसुलट प्रश्न विचारेल. या सल्ल्यात तथ्य आहे, आणि तो जुनाही आहे. फिलाडेल्फियाच्या त्या परिषदेत सचिव जॅक्सनने शेवटच्या दिवशी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना कळवलं की सगळे सुटे कागद जाळून तो टिपणं त्यांच्या हवाली करेल. ती परिषदच गुप्ततेचा नियम करून चाललेली होती, त्यामुळे त्याचं वागणं समजू शकतं. पण त्या आगीत काय गेलं हे आता कधीच कळणार नाही, आणि म्हणूनच इतिहासकारांना मॅडिसनच्या पुन्हा पुन्हा खोडलेल्या वह्यांवर विसंबून राहावं लागलं.

मी मधला मार्ग सुचवतो, पण तो आधीच ठरवून नियमात लिहिलेला असला पाहिजे. सचिवाच्या हातची सभेतली टिपणं आणि त्याच्या स्वतःच्या अर्धवट प्रती, इतिवृत्तावर सही झाल्यावर नष्ट करायला हरकत नाही. त्या कोणी पाहिलेल्याच नसतात. पण सभासदांना पाठवलेली प्रत, दुरुस्त्यांचा तक्ता आणि सही झालेली प्रत या तिन्ही राहिल्या पाहिजेत. पाठवलेला मसुदा तुम्ही फाडला तरी तो दहा जणांच्या ईमेलमध्ये असतोच. मग वादाच्या वेळी संस्थेकडेच तो नसणं, एवढंच तुम्ही साधता. आणि वाद सुरू झाल्यावर, किंवा होणार हे दिसू लागल्यावर, नियम काहीही असो, एक कपटाही फाडायचा नाही. त्या क्षणापासून ती साफसफाई राहत नाही, पुरावा नष्ट करणं होतं.

त्या संस्थेत आम्ही नंतर काय केलं ते सांगतो. काही जण म्हणाले, जुन्या पानावर ‘झाल्यावरच’ लिहून घ्या, सगळ्यांना माहीतच आहे काय ठरलं होतं. मी नकार दिला. सही झालेलं पान तसंच राहिलं. पुढच्या सभेत रीतसर विषय घेऊन ठराव केला की अमुक तारखेच्या इतिवृत्तातील ठराव क्रमांक ४ मध्ये ‘पाहणी करावी व’ या शब्दांऐवजी ‘पाहणी झाल्यावरच’ असे वाचावे, कारण सभेत तसे ठरले होते व मसुद्यात ते अनवधानाने बदलले गेले. सचिव म्हणून चूक माझीही होती, तेही माझ्याच आग्रहावरून त्यात नमूद झालं. जुन्या पानाच्या समासात मी फक्त ‘पाहा ठराव क्र. ११’ एवढं लिहिलं, तारीख घातली आणि अध्यक्षांनी लघुस्वाक्षरी केली. ज्या सभासदाने ती अट घातली होती त्याने वही मागून घेतली, दोन्ही पानं उघडून शेजारी धरली आणि बराच वेळ वाचत राहिला. कार्यादेश निघाला होता तो निघालाच होता. त्याच्या तारखेला इतिवृत्त काय सांगत होतं, हेही वहीत तसंच होतं.